गाऊनचा ट्रेल उचलायचा कसा? लपवलेले लूप, बटणं आणि कमरेवरचं वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या विश्रामबागेतल्या शिवणकामाच्या दुकानात गाऊन यायला लागतात. मिरजेच्या ख्रिस्ती घरांत पांढरा गाऊन आधीपासूनच आहे. आता सकाळी नऊवारीत अक्षता झाल्या की संध्याकाळी रिसेप्शनला गाऊन, असंही बरीच घरं करतात. गाऊन पुण्या-मुंबईहून येतो आणि त्याच्या मागची लांब शेपटी, म्हणजे ट्रेल (काही जण ट्रेन म्हणतात), आवरायचं काम आमच्याकडे येतं. मुली आणि त्यांच्या आया फोनवर जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

ट्रेल उचलायचा म्हणजे नक्की काय करायचं? हातात धरून फिरलं तर नाही का चालणार?

चर्चमध्ये चालत जाताना किंवा हॉलमध्ये प्रवेश करताना ट्रेल मागे पसरलेला हवा असतो, फोटोही तेव्हाच निघतात. पुढचे तीन-चार तास मात्र स्टेजवर उभं राहायचं असतं, लोकांना भेटायचं असतं, पंगतीत किंवा बुफेत फिरायचं असतं. तेव्हा ट्रेल वर उचलून गाऊनच्या मागच्या बाजूलाच अडकवतात, म्हणजे गाऊन चहूबाजूंनी जमिनीबरोबर दिसतो. त्यासाठी कमरेखाली छोटी बटणं आणि ट्रेलवर लपवलेले लूप लावलेले असतात. परदेशात या रचनेला ‘बसल’ म्हणतात. आपल्याकडे मुली ‘ट्रेलला लूप करून द्या’ एवढंच सांगतात आणि तेवढ्याने आम्हाला समजतं.

हातात धरून अर्धा तास निघतो. पण मग आहेर घ्यायला, नमस्कार करायला एकच हात उरतो आणि धरलेल्या जागी सॅटिनला कायमच्या सुरकुत्या पडतात.

किती लांब ट्रेल असला तर लूप लागतातच?

जमिनीवर वीतभर पडणारा ट्रेल तसाच ठेवला तरी निभतो. हातभर किंवा त्याहून जास्त पडत असेल तर लूप लावून घ्या. लॉनवर कार्यक्रम असेल तर वीतभर ट्रेललाही लावा, कारण ओल्या हिरवळीवर कापड खालून पाणी ओढतं आणि जड होत जातं.

लूप वरून दिसणारे चांगले की आतून नाड्या बांधायच्या?

दोन्ही पद्धती चालतात. पहिलीत ट्रेल बाहेरून वर उचलून कमरेजवळच्या बटणात अडकवतात, मागे एकावर एक झोळ पडतात. हिला अमेरिकन म्हणतात. दुसरीत ट्रेल आतल्या बाजूला दुमडतो आणि घेराच्या आत नाड्यांनी बांधला जातो. बाहेरून बटण दिसत नाही आणि मागे फुगीर गोलाई येते. ही फ्रेंच.

मी गाऊनवरचं काम बघून ठरवते. ट्रेलच्या टोकाला भारी मणीकाम असेल तर वरून उचलणं बरं, ते काम झोळाखाली सरळ लटकून दिसत राहतं. साधं सॅटिन किंवा मिकाडो असेल तर आतून बांधलेलं देखणं दिसतं. पण आतल्या नाड्या बांधायला कोणाला तरी घेरात शिरून, फोनचा टॉर्च लावून बसावं लागतं. कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत दहा जणी वावरत असताना हे सोपं नसतं. म्हणून शंका असेल तिथे मी बाहेरून लूप सुचवते.

बटण कुठे आणि लूप कुठे, हे मोजायचं कसं?

यातलं मुख्य गणित साधं आहे: जमिनीवर जेवढं कापड जास्तीचं पडतं, तेवढंच अंतर बटण आणि लूप यांच्यात हवं. मागच्या मध्यावर ट्रेल ३० इंच जास्तीचा पडत असेल, तर बटणापासून कापडावरून खाली ३० इंच मोजलेल्या जागी लूप येतो. तो उचलून बटणात घातला की मधले ३० इंच दुमडून १५ इंचांचा झोळ होतो आणि खालची कड जमिनीला येते. चालताना टाच अडकू नये म्हणून मी त्यात आणखी एक इंच धरते, म्हणजे ३१.

हे माप टेबलावर गाऊन पसरून मात्र घेऊ नका. घेर कॅनकॅनवर फुगतो तेव्हा कापड तिरकं खाली येतं आणि कमरेपासून जमिनीपर्यंतचा त्याचा रस्ता लांबतो. मुलीने त्या दिवशीचेच सँडल, तेच कॅनकॅन आणि तेच आतले कपडे घालून ताठ उभं राहायचं. नेहमीच्या चपलेवर घेतलेलं माप तीन इंचांच्या टाचेवर नक्की चुकतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. ट्रेल मध्यावर सर्वांत लांब असतो आणि दोन्ही बाजूंना कमी होत जातो. म्हणून प्रत्येक बटणाचं माप वेगळं. मध्यावरचंच माप बाजूंना लावलं तर बाजूची कड जमिनीपासून वर उचलली जाते आणि आतलं कॅनकॅन दिसतं.

आधी सगळीकडे फक्त टाचण्या लावायच्या. मग मुलीला दहा पावलं चालवायचं, खुर्चीवर बसवायचं, एक जिना चढवायचा. या तिन्हींत कड कुठे ओढली जात नसेल तरच दोरा घ्यायचा. सॅटिनवर टाचणीचं भोक राहतं, त्यामुळे शक्यतो जोडशिलाईच्या रेघेवरच टोचायचं.

शोरूममधून एकच लूप आणि एक बटण लावून आलंय. तेवढं पुरेल ना?

हलक्या नेटचा छोटा ट्रेल असेल तर पुरेल. बाकी बहुतेक वेळा नाही. गेल्या मोसमातला एक गाऊन सविस्तर सांगते, म्हणजे कारण लक्षात येईल.

मुलगी तासगावची, रिसेप्शन सांगलीत. आत सॅटिन, वर नेट, ट्रेलच्या खालच्या हातभर भागात दाट मणी-टिकल्या. तिच्या मापाने कमरेपासून जमीन ४१ इंच होती आणि मागच्या मध्यावर गाऊनची लांबी ८६ इंच. म्हणजे ४५ इंच जास्तीचे. एकाच लूपवर उचलल्यावर मधला भाग वर गेला, पण दोन्ही बाजूंचं कापड पंखासारखं जमिनीवर पसरलेलंच राहिलं. घरी घालून बघताना पंधरा मिनिटांत बटणामागचं नेट फाटलं होतं. सगळा भार करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर आल्यावर नेट टिकणार कसं?

मग वजन किती आहे ते पाहिलं. याला घरातला वजनकाटा पुरतो. मुलीला गाऊन घालून काट्यावर उभं केलं, ट्रेल मागे जमिनीवर मोकळा सोडला आणि आकडा लिहून घेतला. मग सगळा ट्रेल उचलून तिच्या हातांत दिला. काटा १.८ किलोने वाढला. म्हणजे ट्रेल पसरलेला असताना एवढं वजन जमीन सांभाळत होती आणि उचलल्यावर ते लूपांवर येणार होतं.

आम्ही पाच जागा केल्या. चेन कमरेखाली आठ इंचांवर संपत होती, म्हणून मधलं बटण नऊ इंचांवर, चेनच्या खाली. त्याचा लूप ४६ इंचांवर: ४५ जास्तीचे आणि एक इंच मोकळीक. मध्यापासून सात-सात इंचांवर दोन बटणं घेतली, तिथे जास्तीचं कापड ३८ इंच होतं, म्हणून लूप ३९ वर. आणखी सात इंच बाहेर दोन बटणं, तिथे २२ इंच जास्तीचे, लूप २३ वर. सगळी बटणं एका ओळीत न ठेवता बाहेरची थोडी वर घेतली, त्यामुळे झोळ कमानीसारखे पडले. १.८ किलो पाच जागी वाटले गेले. मध्यावर थोडा जास्त भार राहतोच, म्हणून तिथला आधार दुप्पट केला. तो कसा, ते पुढच्या उत्तरात आहे.

किती जागा कराव्यात याचा ठराविक नियम मी सांगू शकत नाही. टाचण्या लावल्यावर दोन जागांच्या मधली कड खाली लोंबत असेल तर तिथे आणखी एक जागा हवी, एवढं खात्रीने सांगते.

ट्रेल उचलला की गाऊन मागे ओढला जातो आणि पुढचा गळा वर येतो. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचा दोष बहुतेक वेळा लूपवर जातो, जो चुकीचा आहे. वर सांगितलं तसं, उचललेल्या ट्रेलचं सगळं वजन अंगावर येतं, तेही फक्त मागच्या बाजूने. गाऊनला ते पेलायला आत काही नसेल तर तो मागे घसरतो. पट्ट्या असतील तर खांदे दुखतात, पट्ट्या नसतील तर मुलगी रात्रभर पुढचा गळा सारखा करत राहते.

उपाय आहे आतला कंबरपट्टा. साधारण एक इंच रुंदीची, न ताणणारी जाड विणीची सुती पट्टी घ्यायची. ती गाऊनच्या आत, बरोबर कमरेच्या जोडावर ठेवायची आणि पूर्ण गोल न शिवता फक्त बाजूच्या शिलाया आणि पुढच्या काही शिलायांना पक्की टाकायची. मागे चेनच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच मोकळी सोडायची आणि दोन मोठे हुक लावायचे. घालताना आधी हे हुक, मग चेन. पट्टा अंगाला घट्ट हवा, आत दोन बोटं जेमतेम जावीत. कंबर २८ असेल तर पट्टा २७ चा चालतो, पण जेवणाचा विचार करून हुकाला दुसरं घर एक इंच पुढे ठेवा.

नऊवारी नेसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. एवढं नऊ वारांचं लुगडं कमरेच्या एका गाठीवर दिवसभर उभं राहतं, कारण ती गाठ कमरेच्या खाचेत बसलेली असते. गाऊनलाही वजन टेकवायला तीच खाच हवी.

आता बटणांचं वजन या पट्ट्यापर्यंत पोचवायला हवं. बटण फक्त वरच्या कापडाला लावलं तर ते कापडच ओढलं जातं. म्हणून प्रत्येक बटणाच्या मागे, अस्तराच्या आतून एक अरुंद सुती नाडपट्टी वर कंबरपट्ट्यापर्यंत नेऊन शिवायची. तासगावच्या गाऊनमध्ये मधल्या बटणाला अशा दोन पट्ट्या दिल्या. त्या चेनच्या डावी-उजवीकडून, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वर गेल्या. चेनवर काहीच ताण आला नाही. हाच तो दुप्पट आधार.

बरोबर झालंय का, हे ओळखायची खूण: ट्रेल उचलून पाच मिनिटं उभं राहा आणि पुढे गळ्याची कड कुठे आहे ते पाहा. ती बोटभर सरकली असेल तर पट्टा सैल आहे किंवा बटणांच्या नाडपट्ट्या त्याला नीट जोडलेल्या नाहीत.

कॅनकॅनची नाडी कमरेला कापते. ती काढून टाकली तर?

काढू नका. उचललेल्या ट्रेलचा झोळ कॅनकॅनवरच टेकतो. ते काढलं तर घेर पायांत येतो आणि कड जमिनीवर लोळते.

कापतं याचं कारण म्हणजे बारीक नाडी, आणि तीही गाऊनच्या पट्ट्याच्या बरोबर त्याच जागी. नाडी काढून तिथे दोन-अडीच इंचांचा सपाट पट्टा लावा आणि तो कमरेच्या खाली, नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसेल असा करा. गाऊनचं वजन कमरेवर आणि कॅनकॅनचं दोन इंच खाली, अशा दोन जागा झाल्या की रात्री वळ उठत नाहीत. पट्टा खाली घेतल्यावर कॅनकॅन तेवढंच खाली येतं, त्यामुळे त्याची खालची कडही तेवढी आखडून घ्यावी लागते.

लूप कशाचे करायचे? आणि नेट फाटू नये म्हणून काय करायचं?

इलॅस्टिकचे नकोत. वजनाने ते ताणत जातात आणि तासाभरात कड जमिनीला लागते. पारदर्शक नायलॉनचा दोरा दिसत नाही हे खरं, पण नेटला तो सुरीसारखा कापतो. मी जाड पॉलिएस्टर दोऱ्याचे चार-पाच पदर घेते आणि त्यावर काजाचा टाका भरत जाते. बारीक दोरीसारखा लूप होतो, गाऊनच्याच रंगात असल्यामुळे दिसत नाही. बटण जेमतेम जाईल एवढाच ठेवायचा, मोठा झाला की निसटतो.

लूप एकट्या नेटवर कधीच शिवू नका. खाली सॅटिनचा थर असेल तर दोन्ही थर त्या जागी चार टाक्यांनी एकत्र बांधा, मागे रुपयाएवढी ऑर्गन्झाची गोल ठिगळी ठेवा आणि तिच्यावर लूप बसवा. थर बांधले नाहीत तर नेट वर जातं आणि सॅटिन खालीच लोळत राहतं. नेट आणि सॅटिन वेगवेगळ्या घेराचे असतील तर ते बांधल्याने ओढ पडते, मग प्रत्येक थराला आपला लूप द्यावा आणि दोन्ही एकाच बटणात घालावेत.

बटण कापड मढवलेलं, मागे दांडी असलेलं घ्या. दांडीमुळे लूपला जागा मिळते. मणीकामाच्या गाऊनवर मोत्यासारखं बटण कामात मिसळून जातं, पण मोती चिकटवलेला नसून दांडीला पक्का आहे ना, ते आधी ओढून पाहा.

मागे चेन नाही, दोरीचं लेसिंग आहे. बटण कुठे लावू?

लेसिंगवर किंवा त्याच्या कड्यांच्या पट्टीवर अजिबात नको, ट्रेलच्या ओढीने लेसिंग वाकडं होतं. बटणं कमरेच्या जोडाच्या खाली, घेराच्या शिलायांवर घ्या. अशा गाऊनला आतला कंबरपट्टा आणखीच गरजेचा आहे, कारण लेसिंग बसता-उठता थोडं सैल होत राहतं. पट्ट्याचे हुक लेसिंगच्या आत, पाठीवरच्या झाकणपट्टीखाली येतात.

गाऊन भाड्याचा आहे. दुकानदार शिवायला परवानगी देईल का?

आधी विचारा आणि लेखी घ्या, निदान मेसेज तरी. बऱ्याच ठिकाणी आतल्या शिलाईच्या माया धरून घातलेले हाताचे टाके चालतात, कारण ते उसवता येतात. तेव्हा आतून बांधायची फ्रेंच पद्धत घ्यावी, कारण नाड्या मायेलाच लावता येतात आणि बाहेरच्या कापडाला सुई लागत नाही. कंबरपट्टाही चार ठिकाणी कच्चा टाकून देता येतो. कार्यक्रमानंतर उसवायला अर्धा तास लागतो, तो वेळ परत करण्याच्या दिवसाआधी ठेवा.

ऐनवेळी हे लावणार कोण? आम्हाला तर काहीच कळत नाही.

एक करवली नेमा आणि शेवटच्या फिटिंगला तिला बरोबर आणा. आम्ही तिच्याकडून दोनदा लावून घेतो आणि फोनवर व्हिडिओ करून देतो. आतल्या नाड्या असतील तर प्रत्येक जोडीला एका रंगाच्या दोऱ्याची खूण करतो: लाल लालला, निळी निळीला. नाहीतर घाईत डावीची नाडी उजवीला बांधली जाते आणि ट्रेल पिळतो. बाहेरच्या लूपांत आधी मधला, मग आतल्या बाजूचे, शेवटी बाहेरचे. सराव असेल तर पाच लूप तीन-चार मिनिटांत होतात.

गाडीतून येताना मात्र ट्रेल लूपवर उचललेला नको. त्यावर बसलं की टाके ताणतात आणि झोळांच्या घड्या पक्क्या होतात. ट्रेल सैलसर गोळा करून मांडीवर घ्या. १९८१ मध्ये डायनाच्या गाऊनचा २५ फुटांचा ट्रेल काचेच्या बग्गीत दाबला गेला आणि उतरताना त्याच्या सुरकुत्या साऱ्या जगाने पाहिल्या. तो रेशमी टॅफेटाचा होता. टॅफेटा घडी धरून ठेवतं, त्यामुळे तुमचा गाऊन त्याच कापडाचा असेल तर ट्रेल मांडीवरही दाबू नका, शेजारच्या सीटवर मोकळा ठेवा.

कार्यक्रम चालू असताना लूप तुटला तर?

त्याच लूपचं वजन शेजारच्या दोन लूपांवर जातं, म्हणून ‘बाकीचे आहेत ना’ म्हणून सोडू नका. करवलीच्या पर्समध्ये तीन मोठ्या सेफ्टी पिना, गाऊनच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई आणि छोटी कात्री ठेवा. पिन बाहेरून नेटला लावायची नाही. घेराच्या आत हात घालून ट्रेलच्या सॅटिनची माय आणि बटणामागची नाडपट्टी एकत्र पिनेत घ्या, मग ओढ पट्टीवरच राहते. पिनेचं तोंड बाजूला ठेवा, वर-खाली नको, नाहीतर वजनाने ती उघडते. बटणच निघून आलं असेल तर ते जपून ठेवा आणि ट्रेल त्या जागी सुईने चार टाके घालून थेट नाडपट्टीला शिवून टाका. गाऊन उतरवताना हे टाके आधी कापायचे, असं करवलीला तेव्हाच सांगून ठेवा, नाहीतर रात्री चेन उघडून गाऊन खाली ओढला की नेट तिथून फाटतं.